निवांत भेटू

मी त्याला एकदाही 'नाही' म्हटलं नाही. प्रत्येक वेळी 'भेटू' म्हटलं. माझी चूक हीच, आणि ती चूक आहे हे कळायला मला इतकी वर्षं लागली याचं कारण असं की, वरवर पाहता त्यात वाईट काही दिसतच नाही.

त्याची रीत वेगळी होती. कुणीही 'भेटू या एकदा' म्हणालं की तो उजव्या हाताचं बोट उभं धरायचा आणि विचारायचा, "वार सांगा."

तो विनोद करतोय असं वाटून समोरचा हसायचा. बोट खाली यायचं नाही. मग समोरच्याचं हसू हळूहळू ओसरायचं आणि तो मनातल्या मनात आठवडा चाचपू लागायचा. असा माणूस तुम्हीही कुठेतरी पाहिला असेल. आपण त्याला भोळा म्हणतो. मीही म्हणत होतो.

तो वर्ध्याकडचा. डिप्लोमा करून हडपसरच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला लागला, तेव्हा मी तिथल्या कॉम्प्युटर विभागात होतो. नव्वदच्या दशकातली मधली वर्षं. कॉम्प्युटर विभाग म्हणजे काचेची एक खोली, आत एसी आणि दाराबाहेर चपला काढायची सक्ती. कामगार आमच्या खोलीला 'देवघर' म्हणायचे. एसी बिघडला म्हणून हा पहिल्यांदा आला, चपला काढल्या, आत डोकावला आणि गंभीरपणे म्हणाला, "प्रसाद किती वाजता असते?"

तो नारायण पेठेत कॉट बेसिसवर राहायचा. म्हणजे भाड्याने मिळायची ती खोली नव्हे, एक कॉट आणि कपाटातला एक कप्पा. मी दोन गल्ल्या पलीकडे आईवडिलांबरोबर राहत होतो. सकाळी कंपनीची बस एकाच चौकातून. जो आधी चढेल त्याने दुसऱ्यासाठी रुमाल टाकायचा, एवढाच काय तो आमच्यातला करार. जाताना तो बोलायचा, येताना झोपायचा. झोपेत त्याचं डोकं माझ्या खांद्यावर यायचं आणि मी ते खिडकीकडे ढकलायचो. "पुण्याची खिडकीही टणकच आहे बे," असं म्हणून तो पुन्हा झोपायचा.

त्याच बसमध्ये स्टोअर्सचे देवधरसाहेब असायचे. सज्जन माणूस, पण बोलण्यात पक्के पेठेतले. ते एकदा उतरता उतरता त्याला म्हणाले, "या की एकदा घरी, चहाला."

बोट वर गेलं. "वार सांगा, साहेब."

"वार?" देवधरांचा एक पाय पायरीवर, एक रस्त्यावर. "म्हणजे... कधीही या हो."

"कधीही म्हणजे मले कळत नाही साहेब. आमच्याकडे 'ये' म्हटलं की माणूस चप्पल घालते."

मागून ड्रायव्हर ओरडला. देवधर घाईघाईने म्हणाले, "रविवारी या. सकाळी." आणि उतरले. रविवारी सकाळी हा हडपसरच्या बाजारातून आणलेलं भलंमोठं कलिंगड खांद्यावर घेऊन त्यांच्या दारात उभा. सोमवारी बसमध्ये देवधर मला हळू आवाजात म्हणाले, "तुमचा मित्र खरंच आला हो." त्यांच्या आवाजात तक्रार होती की आश्चर्य, मला सांगता आलं नाही. पुढे वर्षभरात त्याच घरात हा मिक्सर दुरुस्त करू लागला आणि साखरेचा डबा न विचारता घेऊ लागला. देवधरबाई त्याच्यासाठी पुरणपोळी बाजूला काढून ठेवायच्या. मला त्या घरी आजवर फक्त 'या एकदा' म्हटलं गेलं आहे.

माझ्या आईचं ऑपरेशन झालं तेव्हाची गोष्ट. हॉस्पिटलमध्ये भेटायला येणारा प्रत्येक जण निघताना म्हणायचा, "काही लागलं तर सांगा हं." मी "हो, नक्की" म्हणायचो. कुणालाही काही सांगितलं नाही. काय सांगणार? कोणाला किती सांगितलेलं चालेल हे त्या वाक्यावरून कळत नव्हतं. हा आला, आईच्या पायाशी उभा राहिला आणि म्हणाला, "मंगळवार आणि गुरुवार रात्री मी बसतो. तू घरी जाऊन झोप." मी म्हटलं, "अरे, कशाला, तुला त्रास." तो म्हणाला, "त्रास आहेच ना. म्हणून तर दोनच दिवस सांगून राहिलो."

आईला तो तेव्हापासून माझ्यापेक्षा जास्त आवडायचा. ती ते लपवायचीही नाही.

आता मागे वळून पाहताना एक गोष्ट लक्षात येते. त्या सगळ्या वर्षांत आम्ही दोघांनी भेटायचं असं कधी ठरवलंच नव्हतं. बस ठरवायची. आमच्या मैत्रीला रोज सकाळी आणून उभं करायचं काम कंपनीचा ड्रायव्हर करत होता आणि मी मात्र त्याचं श्रेय स्वतःच्या स्वभावाला देत होतो.

मग आयटी आलं. ज्यांना थोडंफार प्रोग्रॅमिंग येत होतं त्यांना कंपन्या बोलावून घेत होत्या. मी कारखाना सोडला आणि हिंजवडीला गेलो. लग्न झालं, बाणेरला कर्जावर फ्लॅट घेतला, मुलगी झाली. त्याचंही लग्न झालं, त्याने कात्रजला दोन खोल्या घेतल्या. शहराच्या एका टोकाला मी, दुसऱ्या टोकाला तो. बस गेली. आता भेटायचं तर दोघांपैकी एकाला तसं म्हणावं लागणार होतं.

तोच म्हणायचा. हे मला नमूद करायला हवं. फोन नेहमी त्याचाच असायचा.

"या रविवारी ये ना कात्रजला. वहिनीले आण, पोरीले आण. गोळाभात करून राहिली बायको."

"या रविवारी जरा कठीण आहे रे. रिलीज आहे ऑफिसात. भेटू एकदा निवांत."

"निवांत म्हणजे कोणता वार?"

मी हसलो. "कळवतो ना."

"बरं. कळव." आणि तो वाट पाहायचा. खरोखर वाट पाहायचा. पंधरा-वीस दिवसांनी पुन्हा फोन. "तू कळवणार होतास."

वाक्य अगदी साधं होतं. त्यात टोमणा नव्हता, तो टोमणे मारतच नसे. पण मला ते टोचायचं. आपण काहीतरी कबूल केलं होतं आणि आता कुणी वसुलीला आलंय, असं वाटायचं. म्हणजे बघा, बोलावणारा तो, स्वयंपाक त्याच्या घरी, आणि राग येतोय मला. मी पुन्हा म्हणायचो, "अरे हो, डोक्यात आहे माझ्या. भेटू नक्की." त्यातला 'नक्की' मी कशासाठी घालत होतो, मला कळत नाही. पहिल्या 'भेटू'चा रंग उडाला होता, म्हणून वरून एक हात मारत असेन.

मी खोटं बोलत होतो का? हा प्रश्न मी स्वतःला अनेकदा विचारला आहे आणि मला अजून उत्तर सापडलेलं नाही. कारण 'भेटू' म्हणताना मला ती भेट स्पष्ट दिसायची. त्याची गॅलरी, खाली रहदारी, तो बोलतोय, मी हसतोय. फोन ठेवला की मन इतकं हलकं व्हायचं की जणू मी जाऊन आलो. बहुधा तिथेच घोळ होता. भेटल्यावर जे समाधान मिळायचं ते मला बोलूनच मिळत होतं. मग प्रत्यक्ष जाण्याला काही कारणच उरत नव्हतं. माझ्या बाजूने तो विषय मिटलेला असायचा.

त्याच्या बाजूने मात्र तो उघडाच राहायचा. मी नाही म्हटलं असतं तर त्याने दुसरा वार दिला असता, किंवा रागावला असता, किंवा दोन शिव्या देऊन विसरला असता. मी त्याला रागावायलाही जागा ठेवली नव्हती. 'भेटू' म्हणणाऱ्या माणसावर रागावणार कसं? पुन्हा विचारावं तर आपणच चिकट ठरतो. न विचारावं तर समोरचा म्हणणार, मी तर हो म्हटलं होतं. पुढचं पाऊल माझं होतं, 'कळवतो' मी म्हटलं होतं, पण ते न टाकल्याची लाज कशी कोण जाणे त्याच्या वाट्याला जात होती.

एकदा फोन ठेवल्यावर बायकोने विचारलं, "कोण होतं?"

मी सांगितलं. "घरी बोलावतोय."

"मग? हो म्हणालात?"

"हो म्हणालो की."

"कधी जायचंय?"

"ते नाही ठरलं अजून."

"म्हणजे नाही म्हणालात," ती म्हणाली आणि कुकरच्या शिट्या मोजायला आत गेली.

मला तिचं बोलणं तिरकस वाटलं. आम्ही त्यावरून थोडं भांडलोही.

त्याचा शेवटचा प्रयत्न मला शब्दाशब्दाने आठवतो, कारण त्याने तेव्हा मागणी कमी केली होती. जेवण नाही, रविवार नाही, कात्रज नाही. "मीच येतो हिंजवडीले. बुधवारी मले सुट्टी आहे. तुझ्या ऑफिसच्या खाली चहा घेऊ. अर्धा तास. एक विचारायचं होतं तुले."

"विचार ना आत्ताच."

"फोनवर नाही जमत मले. समोर बसलं की जमते."

आणि मी काय म्हणालो ते वाचा. "अरे, अर्ध्या तासात काय होणार? तू कात्रजहून एवढा येणार, दोन बस बदलणार, आणि मी घड्याळ बघत बसणार. ते बरं नाही दिसत. आपण निवांतच भेटू."

हे मी प्रेमाने म्हणालो. शपथेवर सांगतो, प्रेमाने. त्याला अर्ध्या तासावर बोळवणं मला अपमानाचं वाटलं. पण त्या 'निवांत' शब्दाने मी काय केलं होतं ते आता दिसतं. जितके दिवस आम्ही भेटलो नाही तितकी पुढची भेट मोठी, ऐसपैस व्हायला हवी असं मी ठरवून टाकलं होतं. वर्षभर न भेटलेल्या मित्राला चहावर कसं भागवायचं? त्याला संध्याकाळ द्यायला हवी. दोन वर्षांनी संध्याकाळही अपुरी, मग अख्खा रविवार. आणि अख्खा रविवार माझ्याकडे नव्हता. त्याला अर्धा तास पुरत होता. तो मी दिला नाही, कारण तो मला फार कमी वाटला.

तो म्हणाला, "ठीक आहे." त्या दिवशी त्याने वार विचारला नाही. माझ्या ते लक्षातही आलं नाही.

त्यानंतर फोन आले नाहीत. मला वाटलं, तोही कामात असेल. सगळेच कामात असतात.

काही महिन्यांनी मी आईकडे नारायण पेठेत गेलो होतो. रस्त्यावर तो दिसला. काखेत घडी केलेली खोकी, हातात सुतळीचं मोठं बंडल. मला इतका आनंद झाला की मी भर रस्त्यात त्याला मिठी मारली. खोकी खाली पडली. आम्ही दोघांनी ती गोळा केली.

"दुकान काढतोस की काय?" मी म्हटलं.

"हो, तसंच काहीतरी."

तो जरा वाळला होता. केस मागे सरले होते. मला अचानक फार भरून आलं आणि मी म्हटलं, "ऐक, या शनिवारी घरी ये. जेवायलाच ये. संध्याकाळी. वहिनींना घेऊन ये." बघा, वार मी दिला होता. आयुष्यात पहिल्यांदा.

तो हसला. चांगलं, मोकळं हसला. माझ्या दंडावर हात ठेवला आणि म्हणाला, "भेटू ना. भेटू निवांत कधीतरी."

मी खूश होऊन घरी आलो. बायकोला म्हटलं, "आज तो भेटला होता. काही राग वगैरे नाही त्याच्या मनात. भेटू म्हणालाय."

"वार सांगितला?"

"नाही. निवांत म्हणाला."

"शिकला म्हणायचा इथली भाषा," ती म्हणाली.

तरीही मला कळलं नाही. शनिवारी संध्याकाळी मी विनाकारण गॅलरीत दोन-तीनदा जाऊन आलो.

कळलं ते देवधरसाहेबांमुळे. ते निवृत्त झाले होते. बँकेत भेटले, इकडचं तिकडचं झालं आणि म्हणाले, "तुमच्या मित्राने सोडलं ना पुणं. बिऱ्हाड घेऊन वर्ध्याला गेला."

"कधी?"

"झाले की काही महिने. कारखान्याने स्वेच्छानिवृत्ती देऊ केली होती. मेंटेनन्सचे बरेच जण गेले. हा फार दिवस घोटाळत होता. तुमच्या कंपनीत काही जमण्यासारखं आहे का, नवीन काही शिकावं का, की सरळ गावी जावं. तुमचं मत घेतो म्हणत होता." पासबुक पिशवीत ठेवत ते म्हणाले, "भेटलाच असाल म्हणा तुम्ही."

मी म्हणालो, "हो." का म्हणालो, देव जाणे.

सुतळी आणि खोकी मी स्वतःच्या हाताने गोळा केली होती आणि तरी विचारलं नव्हतं.

त्याचा वर्ध्याचा नंबर मी देवधरबाईंकडून मिळवला. फोन केला. तो अगदी नेहमीसारखा बोलला. पंप आणि कूलरच्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान टाकलंय, बरं चाललंय. मी म्हणालो, "सॉरी यार, भेटायचं राहूनच गेलं." तो म्हणाला, "चालते रे, होते असं." मला वाटलं, माफी मागून झाली. आणि मग फोन ठेवता ठेवता माझ्याच तोंडून निघालं, "चल, आलास पुण्याला की भेटू." पलीकडून तो "हो हो" म्हणाला. मी फोन हातात धरून उभा राहिलो. 'राहून गेलं' म्हणजे काय? भेट काही डबा नव्हे, बसमध्ये विसरून राहायला. ती मी टाळली होती. आणि टाळली तरी का, हेही मला माहीत नव्हतं. त्याच्याविषयी माझ्या मनात काहीही वाईट नव्हतं. इतकं प्रेम असताना माणूस इतका टाळतो कसा, हे मला आजही समजावून सांगता येणार नाही.

यानंतरही बरीच वर्षं गेली. आई गेली, तेव्हा त्याचा फोन आला. त्याला कुणी कळवलं ते माहीत नाही, मी तरी कळवलं नव्हतं. तो आईविषयी बोलला, तिला दवाखान्यातली खिचडी कशी आवडायची नाही ते बोलला, आणि फोन ठेवला. भेटण्याविषयी एक शब्द नाही. पूर्वी त्या जागी एक प्रश्न असायचा. आता तिथे काही नव्हतं, आणि ते त्याला जाणवतही नसावं, इतक्या सहज तो बोलून गेला.

गेल्या मे महिन्यात मी वर्ध्याला गेलो. त्याला कळवून गेलो, स्टेशनवर न्यायला येऊ नकोस असंही सांगितलं. दुपारची वेळ, रस्त्यावर माणूस नाही. दुकान अरुंद आणि खोल, दोन्ही बाजूंना उघडलेल्या मोटारी, तांब्याच्या तारेची रिळं. मागे एक प्रचंड कूलर धडधडत होता. तो पूर्ण पांढरा झाला होता. एका गिऱ्हाइकाशी पंपावरून त्याची हुज्जत चालली होती. मला पाहून त्याने नुसतं स्टूल पायाने पुढे सरकवलं.

गिऱ्हाईक गेल्यावर त्याने मला पाणी दिलं. बायकोची, मुलांची चौकशी झाली. मी विचारलं, "त्या बुधवारी आपण भेटलो असतो तर तू पुण्यातच राहिला असतास का?"

त्याने थोडा विचार केला. "आलोच असतो बहुतेक इकडे. नसतोही आलो. आता कसं सांगू?" मग हातातल्या मोटारीची माती फुंकून म्हणाला, "जाण्याचं वाईट नव्हतं रे वाटलं. मी तुले विचारून राहिलो होतो तेवढे दिवस मी दुसऱ्या कुणाले विचारलंच नाही. तू 'भेटू' म्हटलं होतं ना."

मी काहीतरी पुटपुटलो. त्याने कानामागे हात नेला. "काय?"

मी पुन्हा म्हणालो, थोडं मोठ्याने. कूलरच्या आवाजात माझं मलाच नीट ऐकू येत नव्हतं आणि खरं सांगायचं तर ते मला सोयीचं वाटत होतं. त्याने माझ्या तोंडाकडे पाहिलं, मोटार खाली ठेवली, उठला, मागे गेला आणि कूलर बंद केला.

एकदम शांतता झाली. उकाडा दारातून आत आला. तो माझ्यासमोर येऊन बसला.

"आता बोल."

मी म्हणालो, "मला तुला भेटायचं होतं आणि मी भेटत नव्हतो. का, ते मला माहीत नाही. पण 'नाही' म्हणायला मला लाज वाटायची, म्हणून मी 'भेटू' म्हणायचो. त्यात मला बरं वाटायचं आणि तू अडकून राहायचास. तू अर्धा तास मागितलास, तोही मी दिला नाही. ते राहून गेलं नव्हतं. मी केलं होतं. मला माफ कर."